हाक मारताना भास्कर, सांगताना सूर्य

बाळ, तुझे दोन्ही कागद मिळाले. एकावर रथसप्तमीच्या सकाळी म्हणायचा श्लोक, दुसऱ्यावर त्याच दिवसाची शाळेच्या फळ्यावर लावायची सूचना. दोन्हींत सूर्य आहे आणि दोन्हींत तू त्याची नावं मुक्त हाताने वाटली आहेस. श्लोकात दिवाकर अडखळतोय आणि सूचनेत रवी, भास्कर, आदित्य यांची गर्दी झाली आहे. तुझ्या वयाची असताना मीही असंच लिहीत असे. तेव्हा अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मला अंगणात बसवून ज्या चार-पाच गोष्टी सांगितल्या त्या तुला सांगते. पुढे शाळेत मराठी शिकवताना मला त्यांचाच आधार होता.

अण्णांची पहिली गोष्ट अशी की नाव दोन कामांसाठी घेतात. एक हाक मारायला आणि दुसरं ओळख पटवायला. पहाटे तांब्या घेऊन पूर्वेकडे तोंड केलं की सूर्य समोर आहेच, तो कोण हे कुणाला सांगायचं नसतं. तिथे नाव म्हणजे हाक, आणि माणूस आपल्या लाडक्याला एकाच नावाने हाक मारत नाही. गद्यात मात्र समोर वाचणारा असतो आणि त्याला आपण कशाबद्दल बोलतोय हे कळायला हवं. तिथे नाव बदललं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूसच बदलला.

आता तुझा श्लोक घेऊ. तू भुजंगप्रयात निवडलंस हे मला आवडलं. मनाच्या श्लोकांमुळे ती चाल मुलांच्या कानात असते, शिकवावी लागत नाही. तुझी पहिली ओळ अशी आहे: ‘नमो दिवाकरा, धरा वाट पाही’. तू अक्षरं मोजलीस, बारा भरली, आणि ओळ झाली असं समजलीस. पण मोठ्याने म्हणताना ‘दिवाकरा’वर जीभ ठेचकाळते ना? तिथे काय बिघडलंय ते बघ.

या वृत्तात नुसती बारा अक्षरं चालत नाहीत. एक लहान, दोन मोठी, अशी चार पावलं पडावी लागतात. लहान म्हणजे ह्रस्व, एका मात्रेचं. मोठं म्हणजे दीर्घ, दोन मात्रांचं. अण्णा मांडीवर टाळी देत: लहान अक्षराला बोट, मोठ्याला पंजा. बोट-पंजा-पंजा, बोट-पंजा-पंजा. आता ‘नमो दिवाकरा’ मांडीवर वाजव. न बोट, मो पंजा, दि... इथे पंजा पडायला हवा होता आणि पडलं बोट. पुढे वा पंजा, क बोट, रा पंजा. म्हणजे बोट-पंजा, बोट-पंजा असं तीनदा झालं. ही दुसऱ्याच वृत्ताची चाल झाली. ‘धरा वाट पाही’ला तू परत रस्त्यावर आलीस. म्हणून पहिला अर्धा भाग लंगडतो आणि दुसरा धावतो.

हे तुझ्या हातून झालं नाही, त्या शब्दाच्या अंगातच आहे. भुजंगप्रयातात दोन बोटांच्या मध्ये नेहमी दोन पंजे असतात. ‘दिवाकर’मध्ये दि बोट, वा पंजा आणि लगेच क बोट; मध्ये एकच पंजा. म्हणून दिवाकर या वृत्तात कुठेच बसत नाही, त्याला पुढे-मागे कितीही सरकव. प्रभाकराचंही तेच. दिनकर तर चारही बोटंच. ‘भास्कर’ला आधी पंजा आणि मग दोन बोटं शेजारी-शेजारी, म्हणून तोही नाही. पण भास्कराला हाक मारून बघ. ‘भास्करा’ म्हटलं की शेवटचं अक्षर लांबतं: पंजा, बोट, पंजा. तो आता ओळीत तिसऱ्या अक्षरापासून अलगद बसतो. हाक मारल्यावर शब्द वृत्तात शिरतो, ही मला लहानपणापासून फार गोड वाटलेली गोष्ट आहे. प्रार्थनेत संबोधनं इतकी का असतात याचं एक कारण हेही आहे.

बाकीचे शब्द याच रीतीने तपास. ‘सूर्य’ म्हणजे पंजा-बोट. ‘नमो’नंतर ‘सूर्य’ आला की बोट-पंजा-पंजा-बोट, अगदी हवं तसं. ‘आदित्य’ पंजा-पंजा-बोट, कारण ‘त्य’ या जोडाक्षराचा आघात ‘दि’वर येऊन ती लांबते. तोही दुसऱ्या अक्षरापासून बसतो. आणि ‘रवी’? संस्कृतात तो ‘रवि’, दोन्ही बोटं. पण मराठीत आपण शेवटचा इकार दीर्घ लिहितो आणि दीर्घच उच्चारतो, त्यामुळे आपला रवी बोट-पंजा होतो आणि ओळ त्याच्यापासून सुरूही करता येते. समासात मात्र तो पुन्हा आखडतो: रविवार, रविकिरण. श्लोकात ‘रवीकिरण’ लिहून मात्रा भरून काढायचा मोह होईल. वृत्तासाठी कवीला ह्रस्व-दीर्घाची थोडी मोकळीक आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीच दिली आहे, पण ती अगदी अडलं तरच वापर.

आता दिवाकर काढून आपण श्लोक असा केला तर?

नमो सूर्यदेवा, धरा वाट पाही
उजेडाविना मार्ग कोणास नाही
उभी भास्करा मी जळा घेउनीया
करी लख्ख माझ्या मनाच्या दिशा या

पहिल्या ओळीत तुझीच अर्धी ओळ ठेवली आहे. मांडीवर वाजवून बघ, कुठेही अडखळायला होणार नाही. ‘घेऊनीया’चं मी ‘घेउनीया’ केलं आहे. हीच ती अडल्यावर घ्यायची मोकळीक. ‘माझ्या’ आणि ‘मनाच्या’ यांतल्या जोडाक्षरांची काळजी करू नकोस, त्यांच्या आधीची अक्षरं मुळातच लांब आहेत. एरवी ‘तुझ्या’सारख्या शब्दात मात्र ‘तु’ बोटच राहतो, कारण आपण ‘झ्या’ म्हणताना मागच्या अक्षरावर जोर देत नाही. शंका आली की कागदाकडे बघू नकोस, तोंडाने म्हणून बघ.

तिसऱ्या ओळीत भास्करच का घेतला, हे विचारशील म्हणून सांगते. तो नुसता बसला म्हणून घेतलेला नाही. भास् म्हणजे प्रकाश, तो करणारा भास्कर. चौथ्या ओळीत आपण मनाच्या दिशा लख्ख कर म्हणतोय, तेव्हा उजेड करणाऱ्यालाच हाक मारायला हवी. अण्णांची ही दुसरी गोष्ट: आधी मागणं ठरव, मग ज्याच्या नावात ते मागणं आहे त्याला बोलाव, आणि मग वृत्तात बसतो का ते बघ. उलट्या क्रमाने गेलं की श्लोक नावांची यादी होतो.

तुला दिवाकर सोडवत नाहीये, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. सोडू नकोस. पण त्याचा अर्थ नीट धर. पुष्कळ मुलं समजतात की दिवाकर म्हणजे दिवा करणारा, दिवा लावणारा. इथला ‘दिवा’ आपल्या देवघरातला नव्हे. संस्कृतात ‘दिवा’ म्हणजे दिवसा, आणि दिवाकर म्हणजे दिवस करणारा. जसा रात्र करणारा निशाकर, म्हणजे चंद्र. तेव्हा दिवसाची सुरुवात होते त्या प्रार्थनेत दिवाकर शोभतो. फक्त त्याला त्याच्या मापाचं घर दे. अभंगात ह्रस्व-दीर्घाचा हिशेब नाही, अक्षरं मोजायची: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. ‘दिवाकरा’ बरोबर चार अक्षरांचा आहे.

उघडिले डोळे, अंगणात आले
हात जोडियेले, दिवाकरा

शेवटच्या चार अक्षरांवर अभंगात आवाज थांबतो, टाळ वाजतो. हाकेला याहून चांगली जागा नाही. जो शब्द भुजंगप्रयातात पाय ठेवू शकत नव्हता तो इथे आपसूक येऊन बसला. म्हणून शब्द बसत नाही असं दिसलं की शब्द मोडण्याआधी छंद बदलून बघत जा.

सूर्याच्या नावांतलं आणखी एक तुला माहीत हवं, कारण तुझ्या शाळेत श्लोकानंतर सूर्यनमस्कार आहेत. नमस्काराच्या बारा नावांत मित्र पहिला आणि भास्कर शेवटचा. मध्ये रवी, सूर्य, भानू, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सवितृ आणि अर्क. यात दिवाकर नाही, दिनकर नाही, प्रभाकरही नाही. पण सूर्याच्या बारा नावांचं जे स्तोत्र आहे त्यात आदित्य पहिला, दिवाकर दुसरा, भास्कर तिसरा आणि प्रभाकर चौथा येतो. दोन्ही याद्या बारांच्याच असल्यामुळे मुलं त्यांची सरमिसळ करतात. नमस्काराला नमस्काराचीच यादी, तिच्याच क्रमाने. तिथे आपली निवड चालत नाही.

आणि ती नावं म्हणताना ‘ला’ लावल्यासारखी बदलतात तिकडे लक्ष दे. सूर्याय, मित्राय हे सगळ्यांना येतं. पण इकारान्त रवीचं ‘रवये’, मरीचीचं ‘मरीचये’. उकारान्त भानूचं ‘भानवे’. सवितृचं ‘सवित्रे’ आणि पूषन्‌चं ‘पूष्णे’. माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी ‘रव्याय’ आणि ‘पुषाय’ म्हणायचंच. एकदा फळ्यावर शेवटांप्रमाणे गट करून लिहून दिले की मुलं परत चुकत नसत.

यातल्या सवित्याबद्दल अण्णांना विशेष प्रेम होतं. सायणाचार्यांनी ऋग्वेदावरच्या भाष्यात सांगून ठेवलंय की उगवण्यापूर्वीचा तो सविता आणि उगवल्यापासून मावळेपर्यंतचा तो सूर्य. गायत्री मंत्रात हाक आहे ती सवित्यालाच, बुद्धीला चालना देणाऱ्याला. पूर्वेला अजून काहीच दिसत नाही, फक्त काळोख जरा पातळ झालाय, तेव्हाचं ते नाव. तू पुढचं कडवं झुंजूमुंजूच्या वेळेचं लिहिणार असशील तर हे ध्यानात ठेव. मात्र आपल्याकडे सविता मुलीचं नाव झालंय, आणि मुळात शब्द पुल्लिंगी आहे. कवितेत ‘सविता आला’ लिहिलंस तर मुलं थबकतील. ‘सवितादेव’ म्हटलं की अडत नाही. भुजंगप्रयातात मात्र तो बसायचा नाही, पहिलीच दोन अक्षरं बोटं आहेत.

श्लोकाचं एवढं पुरे. आता सूचना. तू लिहिलंस:

‘उद्या रथसप्तमी. पहाटे भास्कराच्या आगमनापूर्वी सर्वांनी मैदानावर जमावे. दिवाकराचे दर्शन होताच रवीला अर्घ्य द्यावे. नंतर आदित्याची किरणे अंगावर घेत बारा सूर्यनमस्कार घालावेत.’

एकच शब्द पुन्हा-पुन्हा येऊ नये म्हणून तू हे केलंस, आणि तसं करायला निबंधाच्या तासाला शिकवतातही. पण पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांनी वाच. भास्कर येणार आहेत, दिवाकरांचं दर्शन होणार आहे, रवीला पाणी द्यायचं आहे. ही तिन्ही आपल्याकडे माणसांची चालती-बोलती नावं आहेत. गद्यात ती आली की आधी माणूस दिसतो आणि मग, जमलं तर, सूर्य. शिवाय घरात रवी म्हणजे ताक घुसळायची रवी. मुलाच्या कानावर तीच आधी पडलेली असते.

बाराच्या यादीतले काही शब्द तर याहून फसवे आहेत. ‘मित्र उगवला’ म्हटलं तर कुणाचा मित्र, असं विचारतील. ‘खग’ म्हणजे आपल्याला पक्षी. ‘अर्क’ म्हटलं की बाटलीतला अर्क, नाहीतर मारुतीला वाहतात ती रुई, कारण संस्कृतात रुईचं नावही अर्कच. श्लोकात भोवतीचे शब्द त्यांना सूर्य करून टाकतात. गद्यात तसा परिसर नसतो. आणि अरुणाला सूर्य समजून कुठेच वापरू नकोस, श्लोकातही नाही. तो सूर्याचा सारथी, उगवण्याआधीची तांबूस प्रभा. अरुणोदय झाला म्हणजे सूर्योदय व्हायचाय.

तेव्हा सूचनेत ‘सूर्य’ एवढंच ठेव आणि तो दोनदा-तीनदा आला तर येऊ दे. खरं तर तितक्यांदा यायची गरजही पडत नाही, आणि गद्य लिहिताना सगळ्यात उपयोगी पडेल अशी गोष्ट हीच आहे. मराठी माणूस रोजच्या बोलण्यात सूर्याचं नाव फार थोडं घेतो. अंगावर घेतो ते ऊन. कोवळं ऊन खात बसतो, टळटळीत उन्हातून येतो, संध्याकाळी उन्हं उतरतात. आदित्याची किरणे अंगावर घ्यायला आपण कधी बसत नाही. गावाकडे तर सूर्यालाच दिवस म्हणतात: दिवस उगवला, दिवस कासराभर वर आला, दिवस डोक्यावर आला, दिवस मावळला. तांबडं फुटलं म्हटलं की सूर्याचं नाव न घेता पहाट दिसते. वाक्यात सूर्याचं दुसरं नाव शोधायची वेळ आली की थांब आणि विचार कर: मला इथे सूर्य म्हणायचंय, की ऊन, की दिवस, की उजेड? दहांत नऊ वेळा उत्तर सूर्य नसतंच. आणि जिथे सूर्यच असतो तिथे पुढच्या वाक्यात ‘तो’ पुरतो.

सूचना मी अशी लिहीन:

‘उद्या रथसप्तमी. सर्वांनी पावणेसातपर्यंत मैदानावर जमावे. सूर्य उगवताना दिसला की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यावे. त्यानंतर कोवळ्या उन्हात बारा सूर्यनमस्कार घालायचे आहेत. येताना पाण्याचा तांब्या आणावा.’

‘पहाटे’ काढून मी वेळ घातली. माघात आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो, आणि ‘पहाटे’ वाचून कुणी पाचला येऊन थंडीत कुडकुडत बसेल. ‘आगमन’ आणि ‘दर्शन’ही काढले. नाव साधं केलं की त्याच्याभोवतीचे भारदस्त शब्द आपोआप गळतात, ते त्या नावांसाठीच तर आणलेले असतात.

गद्यात सूर्याची दुसरी नावं कधीच येत नाहीत असं मात्र समजू नकोस. ज्या गोष्टीचं ते ठरलेलं नाव आहे तिथे तेच हवं. पंचांगात आणि पत्रिकेत रवी असतो. ज्योतिषी रवीचं राश्यंतर म्हणतो, तिथे सूर्य म्हटलंस तर परकं वाटेल. वाराला आपण रविवार म्हणतो आणि जुनी माणसं आयतवार, म्हणजे आदित्यवारच. श्रावणातल्या रविवारची कहाणी आदित्यराणूबाईची, तिला सूर्यराणूबाई करता येत नाही. 2023 साली सूर्याच्या अभ्यासासाठी आपण यान पाठवलं त्याचं नाव आदित्य-एल1. तेव्हाच्या बातम्या आठव: यानाचं नाव आदित्य आणि त्याने अभ्यासायचा तो सूर्य, हे दोन शब्द कुणी अदलाबदल केले नाहीत. एकाच वाक्यात दोघे आपापलं काम करत होते. विज्ञानाच्या पुस्तकात सूर्य, सूर्यमाला, सूर्यग्रहण. त्याच्यापासून झालेलं विशेषण सौर. तिथे भास्करग्रहण कुणी लिहीत नाही.

तुझ्या सूचनेखाली कुणीतरी श्लोकही छापायचं म्हणतील. छाप, पण मध्ये जागा सोड आणि श्लोकाच्या ओळी वेगळ्या मांड. एकाच परिच्छेदात दोन्ही आले की वाचणारा श्लोक गद्यासारखा वाचतो, आणि मग भास्करा म्हणजे कोण हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दुसरं कडवं तू शेतांबद्दल लिहायचं म्हणतेस. हरभरा, ज्वारी, माघातलं पिवळं पडू लागलेलं रान. तिथे मागणं पोसण्याचं आहे, तेव्हा उजेडाच्या भास्कराला परत बोलावू नकोस. पोसणारा तो पूषा, बाराच्या यादीतला पूषन्. दोन्ही अक्षरं लांब आहेत, म्हणजे दोन पंजे. ‘नमो’च्या लगेच मागे तो बसायचा नाही, तिथे चौथ्या जागेवर बोट लागतं. त्याच्या आधी एक बोट पडेल असा शब्द शोध, मांडीवर वाजवून बघ, आणि जमलं की मला म्हणून दाखव.